काकांचा व्हिडिओ मोबाइलवरच तपासायचा कसा?

प्रश्न: आमच्या फॅमिली ग्रुपवर काका सारखे 'मुलं पळवणारी टोळी आली, सावध राहा' असे व्हिडिओ टाकतात. माझ्याकडे लॅपटॉप नाही. खरं-खोटं मोबाइलवर कळेल का?

कळतं, बहुतेक वेळा पाच मिनिटांत.

आधी व्हॉट्सॲप मेसेजवर दुहेरी बाण आहे का बघा. असेल तर तो मूळ पाठवणाऱ्यापासून निदान पाच हात फिरून आलाय. म्हणजे काकांना ज्याने पाठवला, त्यालाही तो कुठला हे ठाऊक नसणार. तेवढ्यावरून खोटा म्हणता येत नाही, पण "माझ्या मित्राने स्वतः पाहिलं" हा दावा तिथेच लंगडा पडतो.

मग व्हिडिओ शेवटपर्यंत बघा आणि मध्ये थांबवून दोन-तीन स्क्रीनशॉट काढा. दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, इमारत दिसेल अशी चौकट निवडा. नुसत्या चेहऱ्यांचा उपयोग कमी. हे स्क्रीनशॉट चित्रावरून शोध घेणाऱ्या Google Lens मध्ये टाकायचे. त्याआधी वर चिकटवलेला मराठी मजकूर कापून टाका, नाहीतर Lens चित्र सोडून त्या अक्षरांच्याच मागे लागतं. Lens शर्ट विकायला लागलं तर निवडीची चौकट ओढून पूर्ण चित्रावर न्या. तोच स्क्रीनशॉट ब्राउझरमधून, चित्र आधी कुठे आलंय ते शोधणाऱ्या tineye.com वर चढवून निकाल Oldest ने, म्हणजे सर्वात जुना आधी, लावा. सांगितलेल्या घटनेच्या आधीची एक जरी तारीख सापडली, तर विषय संपला.

2018 मधला तो गाजलेला व्हिडिओ घ्या. गल्लीत मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलून पसार होतात. दिसतं अगदी सीसीटीव्हीसारखं. प्रत्यक्षात ती कराचीत केलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात. आपल्याकडे फिरला तो शेपूट कापलेला तुकडा. म्हणून ऐन प्रसंगात तुटणारा व्हिडिओ दिसला की मी आधी त्याचा उरलेला भाग शोधतो. अशाच अफवेतून त्याच वर्षी 1 जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं होतं.

काहीच सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असं मात्र नाही. नवा असेल, आरशासारखा उलटा केलेला असेल किंवा फिरून फिरून धूसर झाला असेल, तर शोध हात टेकतो. अशा वेळी मेसेजमध्ये गावाचं नाव असेल तर त्या पोलीस ठाण्याला सरळ फोन लावा. गाव, तारीख दोन्ही नसतील तर मी तो पुढे पाठवत नाही. 'पीआयबी फॅक्ट चेक'कडे मात्र हे पाठवू नका, ते केंद्र सरकारशी संबंधित दावेच तपासतात.

आणि काकांना ग्रुपवर सगळ्यांसमोर खोडू नका. मी एकदा खोडलं, तर काका दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. आता मूळ व्हिडिओची लिंक त्यांना एकट्याला पाठवतो. ग्रुपवरचा मेसेज ते स्वतःच काढतात, अर्थात "चुकून गेला" म्हणत.