आकृतीचा नुसता फोटो आला, तर समजवायचं, प्रश्न द्यायचे की सोपी आकृती काढून द्यायची?

प्रश्न: मी डिचोलीत दहावीच्या मुलांची विज्ञानाची ट्यूशन घेते. चवथीच्या सुट्टीत एका मुलीने पुस्तकातल्या हृदयाच्या आकृतीचा नुसता फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलाय. नावं सगळी दिसतात, पण खाली एक शब्द लिहिलेला नाही. मी तिला समजावून सांगू, प्रश्न काढून देऊ की आकृतीच सोपी करून काढून देऊ?

उत्तर:

यातलं काहीही करायच्या आधी तिला एक प्रश्न पाठवा. 'काय हवंय?' असा नको, कारण त्यावर 'टीचर, समजलं नाही' एवढंच येईल आणि तुम्ही होता तिथेच राहाल. असं विचारा: 'पायाकडून वर आलेलं रक्त हृदयात शिरतं. तिथपासून ते पुन्हा शरीरात जाईपर्यंत कुठून कुठून जातं, क्रमाने लिही. पुस्तक उघडं ठेवलंस तरी चालेल.'

पुस्तक उघडं ठेवायला मुद्दाम सांगायचं. आकृतीवर भागांची नावं असतात, रक्ताचा क्रम असा ओळीने लिहिलेला नसतो. त्यामुळे बघून लिहिलं तरी तिला काय कळलंय ते उत्तरात दिसतंच. आणि पाठांतर नको म्हटल्यावर मुलं उत्तर तरी देतात.

मी खाली अलिंद, निलय असे शब्द वापरतोय. तिला लिहिताना मात्र तिच्या पुस्तकातलेच राइट एट्रियम, लेफ्ट व्हेंट्रिकल ठेवा. पेपरात तेच लिहायचं असतं, आणि एकाच आकृतीला दोन नामावळ्या झाल्या की गोंधळ वाढतो.

आता उत्तर कसं येतं ते बघा. तिने 'उजवं अलिंद, मग डावं अलिंद' असं आडवं लिहिलं, तर तिला समजावून सांगायची गरज आहे. वरचे दोन कप्पे एकमेकांना जोडलेले आहेत असं तिला वाटतंय, म्हणजे मधल्या पडद्याचं काम कळलेलं नाही. कितीही सुबक आकृती काढून दिलीत तरी ती त्यात हेच वाचणार. तिला मोजकं सांगा: हृदय म्हणजे शेजारी शेजारी चिकटवलेले दोन पंप. उजवा पंप रक्त फुप्फुसांकडे ढकलतो, डावा सगळ्या शरीराकडे. मधल्या भिंतीतून रक्त इकडचं तिकडे जात नाही. प्रत्येक पंपात वर घेणारा कप्पा, खाली ढकलणारा कप्पा, आणि दोघांच्या मध्ये एकाच बाजूला उघडणारी झडप. दोन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये हे मावतं. झडपांची नावं, ठोक्यांची संख्या, रक्तदाब यातलं काही या मेसेजमध्ये घालू नका.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पानाच्या डाव्या हाताला असते ती हृदयाची उजवी बाजू, कारण आकृती समोर उभ्या असलेल्या माणसाची आहे. हे सुटलं तर पुढचं सगळं उलटं होतं, आणि मुलगी प्रत्येक नाव बरोबर सांगत असल्यामुळे ते तुमच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या प्रकारचं उत्तर माझ्या मते जास्त येतं: 'महाशिरा, उजवं अलिंद, उजवं निलय, महाधमनी.' कप्पे वरून खाली बरोबर गेले, पण फुप्फुसं गाळली. किंवा मग 'महाधमनी डाव्या अलिंदातून निघते' असं लिहिलेलं असतं. इथे कल्पना चुकलेली नाही, आकृती वाचता येत नाहीये. आणि त्यात मुलीचा फारसा दोष नाही.

निलयं खाली असली तरी त्यांतून बाहेर पडणाऱ्या दोन्ही मोठ्या वाहिन्या निलयाच्या वरच्या टोकाने निघतात. रक्त खाली उतरतं आणि वळून वर जातं. त्यामुळे कागदावर महाधमनी आणि फुप्फुस धमनी दोन अलिंदांच्या मधून उगवल्यासारख्या दिसतात. त्यात फुप्फुस धमनी महाधमनीच्या पुढून आडवी जाते. फोनवर काढलेल्या फोटोत रंगछटा फिक्या पडल्या की कुठली नळी पुढे, कुठली मागे, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. अशा वेळी सोपी आकृती द्यायची.

पण सोपी म्हणजे तीच आकृती कमी रेघांत, असं करू नका. आधी हृदयाचा आकारच सोडून द्या. कोऱ्या कागदावर सहा चौकोन गोलाकार मांडा आणि एकाच दिशेने बाणांनी जोडा: शरीर, उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसं, डावं अलिंद, डावं निलय आणि पुन्हा शरीर. कप्प्यांची नावं चौकोनात जातात, वाहिन्यांची बाणांवर. शरीराकडून उजव्या अलिंदाकडे येणाऱ्या बाणावर महाशिरा, उजव्या निलयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या बाणावर फुप्फुस धमनी, फुप्फुसांकडून डाव्या अलिंदाकडे येणाऱ्यावर फुप्फुस शिरा, डाव्या निलयाकडून शरीराकडे जाणाऱ्यावर महाधमनी. अलिंद आणि निलय यांच्या मधल्या बाणांवर झडपेची छोटी खूण. रंग द्यायचे तर फुप्फुसांपाशी बदलायचे: तिथपर्यंत निळा, तिथून पुढे लाल, शरीरातून निघाल्यावर परत निळा. रक्त खरोखर निळं नसतं, हे एकदा सांगून टाका. नाहीतर तो गैरसमज बारावीपर्यंत टिकतो.

या गोलाचा आणखी एक उपयोग होतो. 'धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध' असं पाठ केलेल्या मुलीला फुप्फुस धमनी निळी कशी, हे कळत नाही. गोलावर दिसतं की हृदयातून बाहेर नेते ती धमनी आणि हृदयात आणते ती शिरा. रक्त कसं आहे यावर ते नाव ठरत नाही.

पुस्तकातल्या आकृतीतलं एकच नाव या गोलात बसत नाही, ते म्हणजे मधला पडदा. ते असं दाखवा. कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या घ्या, साधारण 4 सेंटिमीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर लांब. एकीवर वर उजवं अलिंद, खाली उजवं निलय. दुसरीवर वर डावं अलिंद, खाली डावं निलय. पट्ट्या शेजारी ठेवून मध्ये चिकटपट्टी लावा. तो जोड म्हणजे पडदा. आता उजव्या निलयाच्या खालच्या कडेपासून फुप्फुसांना वळसा घालून डाव्या अलिंदाच्या वरच्या कडेपर्यंत एक दोरा न्या, आणि डाव्या निलयाच्या खालच्या कडेपासून शरीराला वळसा घालून उजव्या अलिंदाच्या वरच्या कडेपर्यंत दुसरा. दोरे पट्ट्यांच्या बाहेरून कसेही फिरवा, एकदा तरी एकमेकांना ओलांडल्याशिवाय जागेवर पोचत नाहीत. पुस्तकातल्या आकृतीत नळ्या एकमेकींवरून का जातात, ते इथे हाताने करून कळतं. या खेळात निलयाची वाट खालून काढली आहे, खऱ्या हृदयात ती वरून असते, एवढं मात्र बोलून दाखवा.

पट्ट्या केल्याच आहेत तर डाव्या निलयाची बाहेरची रेघ उजव्याच्या तिप्पट जाड करा. निरोगी हृदयात फरक साधारण तेवढाच असतो. उजव्याला जवळच्या फुप्फुसांपर्यंत कमी दाबाने ढकलायचं असतं, डाव्याला डोक्यापासून पायापर्यंत.

तिसरं उत्तर म्हणजे क्रम पूर्ण बरोबर. मग समजावत बसू नका, प्रश्न द्या. चारपाच पुरेत. पहिला तिच्याच फोटोवर करा: फोनमध्ये फोटो एडिट करून नावांवर पांढरा रंग फासा आणि तिथे आकडे घाला, पण आकडे घड्याळाच्या क्रमाने घालू नका. मुलांना नावं गोल फिरून पाठ असतात, त्यामुळे ओळीने आकडे दिले की न बघताही बरोबर येतात. निर्देशक रेघा तशाच राहू द्या, पण फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शिरा यांच्या रेघांची टोकं फोटोत नीट दिसतात ना ते तपासा. दिसत नसतील तर तो आकडा वगळा, नाहीतर चूक तिची की फोटोची ते ठरत नाही.

बाकीचे प्रश्न 'का' आणि 'काय होईल' असे हवेत. डाव्या निलयाची भिंत जाड का? फुप्फुस शिरेतलं रक्त कसलं, आणि तरी तिला शिरा का म्हणतात? दोन निलयांच्या मधल्या पडद्याला भोक असेल तर रक्त कुठून कुठे जाईल? या शेवटच्यावर मुलं बहुधा 'दोन्ही रक्तं मिसळतील' एवढंच लिहितात. तिथे थांबू नका, दिशा विचारा. डावीकडे दाब जास्त, म्हणून साधारणपणे रक्त डावीकडून उजवीकडे ढकललं जातं आणि फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जातं. जाड भिंतीचं कारण जिला कळलंय तिला हे सुचतं.

उत्तर आलंच नाही, किंवा 'टीचर, डायग्राम काढायची कशी?' असं आलं, तर गोष्ट वेगळी. तिला बहुतेक समजलेलं आहे, हात चालत नाही. मग तुम्ही काढून पाठवू नका, क्रम सांगा. आधी मधला पडदा थोडा तिरका काढायचा, खालचं टोक पानाच्या उजवीकडे झुकलेलं. मग दोन्ही निलयं, मग त्यांच्यावर अलिंदं, वाहिन्या शेवटी. मुलं महाधमनीच्या कमानीपासून सुरुवात करतात आणि खाली निलयांना जागाच उरत नाही. निर्देशक रेघा पट्टीने, आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, आणि टोक भागाला टेकलेलं.

फोटोच अर्धवट असेल तर मात्र हे सगळं नंतर. पुस्तक मधोमध फुगतं आणि शिवणीकडची नावं वाकून कापली जातात. पुस्तक सपाट दाबून, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात बरोबर वरून परत काढायला सांगा, आणि आकृतीखालची ओळ आणि पानावरचा पुढचा प्रश्न दोन्ही फोटोत येऊ देत. तिला नेमकं काय हवं होतं ते कित्येकदा त्या पुढच्या प्रश्नातच असतं.

आणि गोलाची आकृती पाठवलीत तर तिच्याखाली ठळक लिहा: 'ही समजण्यासाठी. पेपरात पुस्तकातलीच काढायची.'