तिला मी नकोच आहे!

*ताई, माळ्यावरच्या ट्रंकेत माझी १९८८ ची डायरी सापडली. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. अर्धी वाचली आणि कान तापले. आईबद्दल लिहिलंय, ‘तिला मी नकोच आहे!’ वर्गातल्या एका मुलावर तर पानंच्या पानं. आई आता नाही. मुलीच्या हाती लागण्याआधी जाळून टाकू का?*

थांबा, काडी पेटवू नका. आधी मजकूर बाजूला ठेवून नुसत्या तारखा बघा. १९८८ लीप वर्ष होतं, म्हणजे ३६६ दिवस. त्यातले किती दिवस लिहिलंय?

मी माझी डायरी पन्नाशीत उघडली. जूनअखेरपर्यंत रडगाणं, मग जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सगळं कोरं. मला वाटलं, आजारी पडले होते की काय. मग आठवलं, नाटकाच्या तालमी चालल्या होत्या. रात्री घरी येऊन आडवी व्हायचे ती थेट सकाळी उठायचे. माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दोन महिने, आणि त्यांची डायरीत एक ओळ नाही.

भांडण झालं की डायरी उघडली जाते, समेट झाल्यावर कोण कशाला लिहितंय? शिवाय वाईट आठवणींची धार काळाबरोबर चांगल्या आठवणींपेक्षा लवकर बोथट होते. तुमच्या मनातला राग कधीच विझलाय, कागदावरचा मात्र त्या रात्रीइतकाच तापलेला आहे. चटका बसतो तो त्यामुळे.

पण सगळंच ‘वय होतं तसं’ म्हणून उडवूनही लावू नका. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘नकोच’ अशा शब्दांनी भरलेलं पान बहुतेक त्या रात्रीपुरतं असतं. काय घडलं, कोण काय म्हणालं हे साधेपणाने लिहिलंय आणि तीच तक्रार महिनोन्महिने येतेय, तर ती सतरा वर्षांची मुलगी खरं सांगत होती. तिचं ऐकून घ्या. आई असती तरी मी हेच म्हणाले असते.

मुलाबद्दल काय बोलू? मी एका पानावर ‘त्याचं’ आडनाव लावून माझी सही अकरा वेळा गिरवली होती. नंतर इतक्या जोरात खोडली की निबेने कागद फाटला आणि मागच्या पानावरही ओरखडे उठले. पहिल्यांदा बघितलं तेव्हा डायरी मिटून टाकली. दुसऱ्यांदा त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं हो!

जुन्या पानांवर दुरुस्त्या करू नका, वाटेल ते वेगळ्या कागदावर लिहा. पानं फाडूही नका. शिवलेल्या वहीतलं एक पान गेलं की पलीकडचं जोडपान सुटतं. मुलीसाठी वर एक चिठ्ठी ठेवा: ‘मला विचारून वाच.’ वर्षभराने पुन्हा वाचा. तेव्हाही जाळावीशी वाटली तर वस्तू तुमची आहे, मी आड येणार नाही.

आणि हो, त्या मुलाचं पुढे काय झालं ते दुसऱ्या अर्ध्यात आहे का? असेल तर कळवा.