स्कर्ट किती खोल ठेवायचा?

तू तुझ्या त्रिमितीय भूभागातल्या सिंहगडाच्या उतारावर, चंक म्हणजे भूभागाचे तुकडे जुळतात तिथल्या फटींचा स्क्रीनशॉट पाठवलास, त्यात कात्रज बाजूचे सपाट चंक ठीक दिसतात आणि कड्यापाशीच आभाळ डोकावतं. म्हणजे फट झाकायला चंकच्या कडेवरून खाली सोडलेली पट्टी, हा सगळीकडे ठेवलेला १० मीटरचा स्कर्ट, तिथे तोकडा पडतोय.

कड्यावरचे सलग तीन बिंदू धर: १२९०, १२७० आणि ११७० मीटर. बारीक चंक तिन्ही बिंदू काढतो. शेजारचा जाडा चंक मधला गाळून सरळ रेघ ओढतो, ती मध्ये १२३० वर येते. फट झाली ४० मीटरची. म्हणून खोली अंदाजाने ठरवू नकोस, चंक तयार करतानाच कडेवर मोजून घे:

```
gap = abs(h[i] - (h[i-1] + h[i+1]) / 2)
```

कडेवरची सर्वांत मोठी फट घे आणि थोडी जास्त खोली दे. शेजारी तपशिलाच्या दोन पायऱ्यांनी जाडा असू शकत असेल, तर त्याच पायरीच्या रेघेशी तुलना कर. स्कर्ट दोन्ही चंकना हवा, कारण दरीत जाडी कडच वर राहते.

स्कर्टच्या खालच्या बिंदूंना वरच्याच बिंदूचा नॉर्मल आणि टेक्स्चरची जागा दे, नाहीतर सांध्यावर काळी रेघ उमटते. तपासताना आभाळ बंद करून पार्श्वभूमी भडक गुलाबी कर, राहिलेली फट लगेच दिसते.

शेजारच्या चंकच्या कडांचे बिंदू जुळवून घेणारी शिवण मला जास्त नेटकी वाटते, पण तिच्यात प्रत्येक चंकला चारही शेजाऱ्यांची पायरी सतत माहीत असावी लागते. आत्ता स्कर्टच ठेव.