कॅशबॅक ‘कन्फर्म’ दिसतो, पण काढायला आधी 499 रुपये मागतात

*वकील साहेब, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावचा. दिवाळीत एका कॅशबॅक वेबसाइटवरून जाऊन दोन मोबाइल अन् फवारणीचा बॅटरी पंप मागवला, 32,600 रुपयांचा माल. सहा टक्के परत भेटन म्हने. खातं चालू करायले 199 भरले. तिसऱ्याच दिवशी 1,956 रुपये ‘कन्फर्म’ दिसले, आता काढायले गेलो तं 499 व्हेरिफिकेशन अन् टीडीएसचे वेगळे मागून राहिले. माल बरोबर आला. भरू का? दुकानावर केस होते का?*

भाऊ, 499 भरू नका. टीडीएस देणारा कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो, तो आधी मागत नाही. तुमच्याच पैशातून कापता येणारी रक्कम कोणी बाहेरून मागत असेल, तर देण्यासारखं त्याच्याकडे बहुधा काही नाही.

माझा संशय मात्र त्याआधीच्या दोन गोष्टींवर आहे. पहिली, तो तिसऱ्या दिवसाचा ‘कन्फर्म’. खरी साइट दुकानाकडून मिळणाऱ्या कमिशनचा वाटा तुम्हाला देते, आणि माल परत करायची मुदत संपेपर्यंत दुकान ते कमिशन पक्कं करत नाही. तोवर खात्यात ‘पेंडिंग’च दिसायला हवं. पैसे हातात यायला दोन-तीन महिने लागणं नेहमीचं आहे. दुसरी गोष्ट सहा टक्क्यांची. मोबाइलवर दुकानं फार कमी कमिशन देतात, बहुधा टक्क्याच्या आसपास. एक मिळवून सहा वाटणारा धंदा कसा चालेल?

साइट दुकानाशी खरंच जोडलेली आहे का, हे स्वतःच तपासता येतं. फोनवर दुकानाचं ॲप असलं की लिंक थेट त्यात उघडते आणि पत्ता दिसत नाही. म्हणून सेतू केंद्रातल्या किंवा कोणाच्या तरी संगणकावर बसा, साइटवरच्या दुकानाच्या बटणावर क्लिक करा आणि वरच्या पट्टीतला पूर्ण पत्ता वाचा. आधी दुकानाचं नाव अक्षरन् अक्षर बरोबर आहे का बघा. मग त्यापुढची शेपटी बघा. भारतातल्या अमेझॉनच्या लिंकमध्ये `tag=` नंतर जोडीदाराचं नाव आणि शेवटी `-21` असतं, फ्लिपकार्टच्या लिंकमध्ये `affid=` असतं. काही साइट मधल्या एजन्सीमार्फत जातात, तेव्हा ही खूण मधेच एका क्षणाला दिसून जाते. त्यामुळे शेपटी नसली म्हणजे फसवणूकच, असं नाही. आणि शेपटी असली तरी एवढंच कळतं की कमिशन कुणाला तरी जातं. ते तुम्हाला मिळेल याची हमी त्यात नाही.

उलट बाजूही सांगतो. मागे माझाच एका मिक्सरवरचा कॅशबॅक बुडाला, आणि चूक माझी होती. क्लिक केल्यावर दुसरीकडून आणलेला कूपन कोड टाकला. मग कमिशन दुसऱ्याच्या नावावर गेलं असणार. तुमच्या बाबतीत तसं नाही, कारण ते स्वतःच ‘कन्फर्म’ दाखवतात.

दुकानावर केस होत नाही. माल बरोबर आला, आणि परताव्याचं वचन त्यांनी दिलेलंच नव्हतं. प्रश्न साइटचा आहे. इथे तुमचे 199 कामाला येतात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे फुकटातली सेवा ‘सेवा’ ठरत नाही, त्यामुळे काही न भरलेल्या माणसाला आपण ग्राहक आहोत हेच आधी पटवावं लागतं. तुम्ही मोबदला दिला आहे. खोटी जाहिरात आणि अनुचित व्यापार प्रथा या मुद्द्यांवर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. साइट कुठलीही असो, तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

पण तक्रारीत विरुद्ध पक्ष म्हणून कोणाचं नाव लिहाल? साइटच्या ‘टर्म्स’च्या पानावर कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता शोधा, मग `mca.gov.in` वर ते नाव टाकून कंपनी नोंदलेली आणि चालू आहे का बघा. नाव सापडलं तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याच वेळा तिथेच पैसे सुटतात.

नावच नसेल, नुसता व्हॉट्सॲप नंबर असेल, तर आयोगात वेळ घालवू नका. तो फसवणुकीचा मामला आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. लगेच 1930 वर फोन करा, `cybercrime.gov.in` वर तक्रार टाका आणि पोच जपून ठेवा. 199 रुपयांसाठी पोलीस कशाला, असं वाटेल. पण ते पैसे ज्या खात्यात गेले, त्यात तुमच्यासारख्या किती जणांचे 199 आहेत, हे पोलिसांना अशाच तक्रारींवरून कळतं.

आजच एक काम करा. ‘कन्फर्म 1,956’ आणि 499 ची मागणी, दोन्हींचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. 199 च्या यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी नंबर वहीत उतरवून ठेवा. आणि फोन विकू नका, फॉरमॅटही मारू नका. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात तो फोन कोणता, हे लिहावं लागतं.