इपॉक्सीचा टीजी कमी आला तर आधी वजन कर

टीजी म्हणजे काचेसारखं कडक इपॉक्सी मऊ पडायला लागतं ते तापमान. १२७ अंशांची अपेक्षा होती आणि डीएससीवर, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ११२ आला, म्हणून लगेच हार्डनरच्या प्रमाणावर खापर फोडू नकोस. टीजी खाली येण्याची दोन कारणं आधी वेगळी कर: क्युअरिंग, म्हणजे हार्डनरशी बंध जुळून इपॉक्सी घट्ट होणं, अर्धवट राहिलंय, की नमुन्यात पाणी शिरलंय?

क्रॉसलिंक साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. हालचालीला मोकळी जागा कमी उरते, म्हणून ती मिळायला जास्त तापमान लागतं. बंध कमी पडले की टीजी उतरतो. पाण्याचं काम क्रॉसलिंकच्या उलटं, तेही टीजी उतरवतं. लहान, चपळ रेणू साखळ्यांमध्ये घुसतात, मुक्त आकारमान वाढवतात; म्हणजे पाणी इथे चक्क प्लास्टिसायझर ठरतं.

किती फरक पडतो? मिश्रणाच्या टीजीचा अंदाज देणारं फॉक्सचं समीकरण वापर, तापमान केल्विनमध्ये. कोरड्या इपॉक्सीचा टीजी ४०० K, पाण्याचा १३६ K, पाण्याचं वजन फक्त २ टक्के:

1/Tg = 0.98/400 + 0.02/136

उत्तर साधारण ३८५ K, म्हणजे ११२ अंश. (हा अंदाजच, पाणी कसं बांधलं गेलंय हे समीकरणाला कळत नाही.)

आता ओळखायचं कसं? पहिल्या स्कॅनमध्ये टीजीच्या पुढे उष्णता बाहेर पडल्याचं शिखर दिसलं, तर क्युअरिंग अपुरं. नुसतं दुसऱ्या स्कॅनमध्ये टीजी वाढला यावर जाऊ नकोस, कारण तापवताना पाणीही उडतं. दुसरा तुकडा वजन करून ६० अंशांना व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकव. तापमान टीजीच्या बरंच खाली असल्याने क्युअरिंग फारसं पुढे सरकत नाही. वजन २ टक्के घटलं आणि टीजी परत आला, तर दोषी पाणीच.