चार दिवस कडक डाएट, शुक्रवारी पार्टी, आणि वजन जिथल्या तिथे

"मॅडम, रोज १८०० कॅलरी ठरवल्यात आणि सोमवार ते गुरुवार मी त्या अगदी काटेकोर पाळतो. पण शुक्रवारी शाळेतले मित्र बसतात, रविवारी आईकडे मटण असतं. चार महिने झाले, वजन ८४ वरून हलत नाही. दारू आणि बाहेरचं जेवण पूर्ण सोडल्याशिवाय काही होणारच नाही का?"

हे विचारणारे गृहस्थ ४१ वर्षांचे, पुण्यात आयटीत, दिवसभर बसून काम. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) बीपी, शुगर, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल, औषध कुठलंही चालू नाही. हे आधी विचारून घेतलं, कारण यातलं काही असतं तर दारूबद्दलचं माझं उत्तर वेगळं असतं आणि आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावं लागलं असतं.

मी त्यांना म्हटलं, सोडायचं की नाही ते नंतर बघू, आधी एक आठवडा काहीही न बदलता फक्त लिहून आणा, शुक्रवार-शनिवार-रविवार सुद्धा. बहुतेक लोक हे तीन दिवस लिहीतच नाहीत, "आज काय, आज चीट डे" म्हणून ॲप बंद. त्यांनी मात्र प्रामाणिकपणे लिहिलं. सोमवार ते गुरुवार रोज साधारण १७५० म्हणजे चार दिवसांचे ७०००. शुक्रवार ३२००. शनिवारी "आता बिघडलंच आहे तर सोमवारपासून बघू" म्हणत सकाळी मिसळ, रात्री बिर्याणी, २९००. रविवार २७००. आठवड्याचे झाले १५,८००, सात दिवसांनी भागा, रोजचे २२५० च्या वर. आणि त्यांच्या उंची-वजनाला, हालचालीला वजन स्थिर ठेवायला लागतात अंदाजे २३००. म्हणजे चार महिने ते मनापासून डाएट करत होते आणि शरीराच्या हिशोबात डाएट चालूच नव्हतं. हे आकडे बघून बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

शुक्रवारचे ३२०० आम्ही बारकाईने बघितले कारण खरी गंमत तिथे होती. त्यांना वाटत होतं सगळा दोष व्हिस्कीचा. आपल्याकडच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज म्हणजे १४० च्या आसपास कॅलरी, तीन घेतले तर ४२५. पण मित्राच्या घरी मोजून कोण ओततं? मी त्यांना सांगितलं घरी जाऊन त्याच मापाच्या ग्लासात नेहमीसारखं पाणी ओता आणि मापाने मोजा. निघाले ९० मिली! म्हणजे तीन पेगचे ६४०. त्यावर मसाला शेंगदाण्याची प्लेट ३००, चार चिकन लॉलीपॉप ४००, मग रात्री साडेअकराला दोन बटर नान ६०० आणि बटर चिकन ४००. संध्याकाळचे एकूण २३४०, आणि त्यातली दारू पाव भागाच्या थोडी वर. बाकीचं सगळं चखणा आणि उशिराचं जेवण.

आणि त्या दिवशी दुपारी त्यांनी काय खाल्लं होतं? सूप आणि एक फळ, "रात्रीसाठी वाचवलं". मला या एका गोष्टीची फार काळजी वाटते आणि मी प्रत्येकाला सांगते की पिण्याच्या दिवशी उपाशी राहून कॅलरी वाचवू नका. रिकाम्या पोटी दारू लवकर चढते, भूक खवळते, हात थांबत नाही, आणि अल्कोहोलमुळे लिव्हरचं साखर तयार करण्याचं काम मंदावतं म्हणून उपाशी माणसाची शुगर खाली जाऊ शकते. डायबेटिसच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे सरळ धोक्याचं आहे.

मग बजेट केलं. १८०० गुणिले सात, १२,६००, हा आठवड्याचा पगार समजा. शुक्रवारला २५०० दिले, रविवारला २२००. उरले ७९००, पाच दिवसांत वाटले तर रोज १५८०. म्हणजे रोज फक्त २२० कमी करायचे होते! त्यांच्या बाबतीत ते निघाले दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटं आणि रात्रीच्या दोन पोळ्यांतली एक. डाळ, अंडी, दही, चिकन याला हात लावायचा नाही, आणि पुरुषाला १५०० च्या खाली उतरायचं नाही असं ठरवलं. आठवडा सोमवारी सुरू करायचा, म्हणजे आधी साठतं आणि मग खर्च होतं. शुक्रवारपासून मोजलं की आधी उधळपट्टी आणि मग चार दिवस फेड, ते टिकत नाही.

नवा शुक्रवार असा बसला: नाश्ता आणि दुपारचं पूर्ण जेवण, पाच वाजता दही किंवा दोन उकडलेली अंडी, रात्रीपर्यंत साधारण १५००. मग मापाने ओतलेले दोन लार्ज सोड्याबरोबर २८५, चिकन टिक्का सहा तुकडे २७०, भाजलेला पापड नि काकडी-टोमॅटो ५०, एक तंदुरी रोटी आणि वाटीभर चिकन ग्रेव्ही मिळून ३८०. जेवण साडेनऊला, पेग संपायच्या आधी मागवायचं.

चौथ्या आठवड्यात मात्र गाडी घसरली. गुरुवारी ९०० वर राहून शुक्रवारी पाच पेग घेतले, आणि मला सांगताना म्हणाले "पण बजेटमध्ये बसलं ना मॅडम". तेव्हा मी जरा कडकच बोलले. कॅलरी एका दिवसातून दुसऱ्या दिवसात सरकवता येतात, पेग नाही. सहा दिवस प्यायलो नाही म्हणून लिव्हरला सातव्या दिवशी पाच पेग सोपे जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, त्यामुळे न पिणाऱ्याने बजेटमध्ये बसतं म्हणून सुरू करायचं नाही, आणि ज्याला दोनवर थांबताच येत नाही त्याचा प्रश्न डाएटिशियनचा नाही, व्यसनमुक्ती समुपदेशकाचा आहे. त्यांना थांबता येत होतं, पुढच्या आठवड्यापासून दोनच.

दुसरी अडचण सोमवारच्या काट्याची. सोमवारी सकाळी दीड किलो वाढलेलं दिसायचं आणि ते हादरून दिवसभर उपाशी राहायचे. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, दोन दिवसांत दीड किलो चरबी चढणं शक्यच नाही, ते मीठ, भात-नान यांनी धरलेलं पाणी असतं आणि तीन-चार दिवसांत उतरतं. म्हणून वजन फक्त गुरुवारी सकाळी बघायचं आणि मागच्या गुरुवारशीच तुलना करायची. एखादा शुक्रवार ५०० ने जास्त गेलाच तर पुढच्या दिवसांत रोज थोडं कापा, पण १५०० च्या खाली न जाता, उरलं ते सोडून द्या.

बारा आठवड्यांनी गुरुवारचं वजन ८०.६ होतं. कागदावरच्या हिशोबाने पाच किलोच्या वर उतरायला हवं होतं, उतरलं जवळपास साडेतीन, कारण घरच्या तेलाचे अंदाज नेहमी कमीच पडतात, आणि मला ते पुरेसं वाटलं. मागच्या महिन्यात आले तेव्हा म्हणाले, त्या आठवड्यात आईने रविवारी मटणाबरोबर वडे करणार म्हणून आधीच सांगितलं होतं, तर शुक्रवारी मित्रांत लिंबू-सोडा घेऊन बसलो आणि ते तीनशे रविवारच्या वड्यांना दिले.