प्रस्ताव नाकारायचा, पण पुढच्या बोलणीची वाट मोकळी ठेवायची

प्रश्न: मुलुंड पूर्वेला आमची २४ सदनिकांची, १९८६ सालची सोसायटी आहे. माझं घर ५४० चौरस फूट कार्पेट. बिल्डरने ३० टक्के जादा जागा, ५ लाख कॉर्पस, महिना २८,००० भाडं आणि ३६ महिन्यांत ताबा असा प्रस्ताव दिलाय. आजूबाजूला असं घर भाड्याने घ्यायचं तर ३८,००० लागतात. समितीचे लोक सहमतीपत्रावर सही मागतायत. मी निवृत्त, पेन्शन बेताची. हा प्रस्ताव मला नको वाटतो, पण उद्या पुनर्विकास लागणारच. कुणाशी वाकडं न घेता नाही कसं म्हणू?

उत्तर: हा प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं मुख्य कारण भाडं हे आहे. बाहेरचं भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतं असं धरा. पहिल्या वर्षी ३८,०००, दुसऱ्या वर्षी ३९,९००, तिसऱ्या वर्षी साधारण ४१,९००. तीन वर्षांत तुमच्या खिशातून १४ लाख ३७ हजार जातील. बिल्डरकडून वाढीशिवाय २८,००० मिळाले तर होतात १० लाख ८ हजार. म्हणजे ४ लाख ३० हजारांचा खड्डा, आणि त्यात दोनदा सामान हलवणं, दलाली, घरमालकाकडे अडकणारं डिपॉझिट अजून धरलेलं नाही.

काम वर्षभर लांबलं आणि ३६ महिन्यांनंतर भाडं बंद झालं, तर चौथ्या वर्षाचे आणखी सव्वापाच लाख सगळे तुमचेच. ५ लाखांचा कॉर्पस मग कुठे उरतो? तो खरं तर भाड्यासाठी नसतोच, नव्या इमारतीच्या वाढीव देखभालीसाठी असतो. लिफ्ट, पार्किंग, पंप, सुरक्षारक्षक आले की मासिक देखभाल आजच्या ३,५०० वरून ९,००० होणं सहज शक्य आहे. वर्षाला ६६,००० जादा. तेवढं व्याज ७ टक्क्यांनी मिळवायला साडेनऊ लाखांची मुदत ठेव लागते, आणि त्या व्याजावरचा कर वेगळाच.

जागेचंही नीट तपासा. ३० टक्के वाढ म्हणजे ७०२ चौरस फूट, पण कोणत्या मापाने? तुमचं जुनं कार्पेट बहुधा भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेलं असेल. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्ये धरतात. एवढ्या घरात त्यातच २५-३० चौरस फूट जाऊ शकतात. बाल्कनी रेरा कार्पेटमध्ये येत नाही. प्रस्तावातल्या ७०२ मध्ये ती मिसळली आहे का, हे लेखी विचारा. दोन्ही घरं एकाच व्याख्येने मोजून घेतली, तरच वाढ खरी किती ते कळेल.

आता 'नाही' कधी आणि कुठे म्हणायचं. इथेच बहुतेक सभासद चुकतात. घरी आलेल्या समिती सदस्याला तोंडी नकार देतात, सभेला जात नाहीत आणि ठराव झाल्यावर कोर्टाची भाषा करतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणसंख्या लागते आणि निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची मान्यता. तुमच्याकडे १६ जणांची हजेरी आणि १३ जणांची संमती. ते तेरा एकदा झाले की अल्पमतातल्या सभासदाने अडवून धरणं मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार अमान्य केलंय. घर रिकामं करून देण्याचे आदेशही झालेत. प्रक्रियेतल्या बारीकसारीक त्रुटींवर विसंबूनही फार काही हाती लागत नाही. तुमच्या नकाराला वजन आहे ते विकासकाची निवड होण्याआधी.

म्हणून सहमतीपत्रावर सही करू नका. 'फक्त औपचारिकता आहे' म्हणून पुढे केलेल्या मुख्त्यारपत्रावर किंवा कोऱ्या तारखेच्या कागदावर तर मुळीच नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'ठीक आहे' एवढंही लिहू नका. सचिवांना पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या, आणि तेच पत्र सोसायटीच्या ई-मेलवरही पाठवा. बिल्डरला परस्पर पत्र पाठवू नका. त्याचा व्यवहार सोसायटीशी आहे, आणि वेगळं बोलायला गेलात की 'ते स्वतःपुरतं जास्त मागतायत' अशी कुजबुज सुरू होते. मजकूर असा ठेवा:

> मा. सचिव,
> पुनर्विकासाला माझा तत्त्वतः विरोध नाही. मात्र सध्याचा प्रस्ताव आहे त्या अटींवर मला मान्य नाही, म्हणून सोबतच्या सहमतीपत्रावर मी सही करत नाही. पुढील मुद्द्यांवर लेखी सुधारित प्रस्ताव आल्यास मी त्याचा नक्की विचार करेन: (१) बाजारभावाने भाडं, दरवर्षी ५ टक्के वाढ, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा देईपर्यंत ते सुरू राहणं, (२) प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी, (३) जुन्या व नव्या घराचं रेरा कार्पेट नकाशासह, (४) वाढीव देखभालीच्या हिशेबावर आधारित कॉर्पस. हे पत्र सर्वसाधारण सभेपुढे वाचून इतिवृत्तात नोंदवावं, ही विनंती.

चारही मुद्द्यांचं वजन सारखं नाही. ताबा मिळेपर्यंत भाडं आणि बँक हमी या दोन्हींवर अडून राहा. अर्धवट उभ्या इमारतीत अडकलेल्या कुटुंबाला वाचवणाऱ्या याच दोन गोष्टी आहेत. २० टक्के हमी शासनाच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे, त्यामुळे ती मागण्यात जास्तीचं काही नाही. कॉर्पसमध्ये मात्र थोडं मागे यायला हरकत नाही. दहा लाख मागून आठवर आलात, तर बिल्डरलाही परत यायला तोंड राहतं.

सभेला जा, विरोधात मत द्या आणि इतिवृत्ताचा मसुदा आला की तुमचं म्हणणं त्यात आहे का ते पाहा. त्याच सभेत एक मागणी जरूर करा: सोसायटीने स्वतः नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराचा व्यवहार्यता अहवाल. तुमची इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत (२०३४) अशा सोसायट्यांना विनियम ३३(७)(ब) खाली सध्याच्या बांधकाम क्षेत्राच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौरस मीटर, यापैकी जास्त असेल ते प्रोत्साहनपर क्षेत्र मिळतं. २४ घरांना किमान २४० चौरस मीटर. हा हिशेब बिल्डरच्या प्रस्तावात धरलाय का, हे अहवालाशिवाय शेजाऱ्यांनाही कळणार नाही. आणि तो हातात आला की तुमच्यासारखे अजून चार-पाच जण आपणहून हेच प्रश्न विचारतील.

थांबण्यालाही मर्यादा आहे. उपविधींनुसार ३० वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागवून वाचा. त्यात इमारत सी-१, म्हणजे धोकादायक, ठरलेली असेल तर वरचा सल्ला बदलतो: मग घासाघीस आठवड्यांत उरकायची, कारण रिकामं करण्याची नोटीस आली की सोसायटीकडे वाट पाहायची ताकदच राहत नाही. दुरुस्तीने भागणारी असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायला हरकत नाही. त्या काळात चार-पाच लाख मुदत ठेवीत वेगळे काढून ठेवा, म्हणजे चांगला प्रस्ताव आला आणि भाड्याचा धनादेश एखाद्या महिन्यात उशिरा वटला, तरी पेन्शनला हात लावावा लागणार नाही.